ह्युबर लॉस वापरला, मग आउटलायर गेले कुठे?

माझ्या पहिल्या प्रगती अहवालात एक वाक्य होतं: "ह्युबर लॉस वापरल्यामुळे आउटलायरचा परिणाम होत नाही." मॅडमनी त्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य कुठल्या तरी ट्युटोरियलमधून आलं होतं आणि तिथे तरी ते कुठून आलं, देव जाणे.

हे वाक्य आजही जागोजागी दिसतं, म्हणून ही पोस्ट. ह्युबर लॉस वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो जे वचन देतो ते नेमकं आहे आणि तो ते पाळतो. अडचण अशी की आपण त्याच्या नावावर दुसरंच वचन खपवतो. हा फरक एका जुन्या, छोट्या आणि कुणालाही तपासता येईल अशा डेटावर दाखवतो.

आधी वचन काय आहे ते बघू

रिग्रेशनमध्ये प्रत्येक बिंदूसाठी रेसिड्युअल असतो: प्रत्यक्ष मूल्य वजा रेषेने सांगितलेलं मूल्य. त्याला r म्हणू. वर्ग-लॉस r²/2 घेतो, निरपेक्ष लॉस |r| घेतो. पीटर ह्युबर यांनी १९६४ च्या पेपरमध्ये दोन्हींची सांधणी केली:

```
|r| <= δ  :  r²/2
|r| >  δ  :  δ|r| - δ²/2
```

म्हणजे शून्याच्या जवळ वाटीसारखा गोल आणि δ च्या पलीकडे सरळ तिरका. हा आलेख सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण समजून घ्यायचं असेल तर लॉसकडे न बघता त्याच्या डेरिव्हेटिव्हकडे बघा. डेरिव्हेटिव्ह म्हणजे तो बिंदू रेषेला स्वतःकडे किती जोराने ओढतो ते. मी त्याला सरळ 'ओढ' म्हणते.

वर्ग-लॉसमध्ये ओढ r इतकीच असते. बिंदू १७० ने लांब असेल तर तो १७० ने ओढणार. निरपेक्ष लॉसमध्ये जवळचा असो की लांबचा, ओढ सारखीच, फक्त दिशा बदलते. ह्युबरमध्ये δ पर्यंत ओढ r इतकी आणि त्यापुढे δ वर टोपी. δ = १२ असेल तर ३ ने लांब असलेला बिंदू ३ ने ओढतो, ५० ने लांब असलेला १२ ने आणि १७० ने लांब असलेलाही १२ नेच.

आता वचन नीट वाचा. "एकटा बिंदू कितीही लांब गेला तरी त्याची ओढ δ पेक्षा जास्त होणार नाही." बस्स, एवढंच. ओढ शून्य होईल असं कुठेही म्हटलेलं नाही. १७० ने लांब असलेला बिंदू शेवटपर्यंत पूर्ण ताकदीने, म्हणजे टोपीएवढ्या ताकदीने, ओढतच राहतो. शिवाय असे किती बिंदू एकाच बाजूला उभे आहेत याबद्दलही वचनात काही नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

बेल्जियमचे फोन

रूसो आणि लेरॉय यांच्या १९८७ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेला एक डेटा आहे: बेल्जियममधून केलेले आंतरराष्ट्रीय फोन कॉल, १९५० ते १९७३, वर्षाला एक आकडा, एकूण २४ बिंदू. आकडे दशलक्षांत आहेत. १९५० मध्ये ४.४, मग हळूहळू वाढत १९६२ मध्ये १६.१, १९६३ मध्ये २१.२. आणि पुढच्याच वर्षी ११९! त्यानंतर १२४, १४२, १५९, १८२ आणि १९६९ मध्ये २१२. १९७० मध्ये एकदम ४३, मग २४, २७, २९.

बेल्जियमचे लोक सहा वर्षं फोनला चिकटून बसले होते असं नाही. १९६४ ते १९६९ या काळात नोंदीची पद्धत बदलली होती आणि कॉलच्या संख्येऐवजी कॉलची एकूण मिनिटं लिहिली गेली. बदल बरोबर १ जानेवारीला झाला नाही, त्यामुळे १९६३ आणि १९७० हे आकडे थोडे भेसळीचे आहेत. म्हणजे २४ पैकी सहा बिंदू वेगळ्याच गोष्टीचे आणि दोन अर्धवट.

हा डेटा आर मध्ये `MASS` पॅकेजबरोबर येतो. तीन ओळी चालवून बघा:

```r
library(MASS)
lm(calls ~ year, data = phones)
rlm(calls ~ year, data = phones, maxit = 50)
rlm(calls ~ year, data = phones, psi = psi.bisquare)
```

पहिली ओळ साध्या वर्ग-लॉसची. तिचा उतार येतो ५.०४१, म्हणजे दरवर्षी पाच दशलक्ष कॉलची वाढ. ही रेषा १९५० मध्ये उणे ८ दशलक्ष कॉल झाले असं सांगते. चूक उघड आहे आणि एका अर्थी हे बरंच आहे, कारण अशी रेषा कुणी अहवालात छापणार नाही.

दुसरी ओळ ह्युबरची. उतार २.०४१. पाचावरून दोनवर आला, छान सुधारणा! ट्युटोरियल इथे थांबतं, दोन रेषांचं चित्र दाखवतं आणि "बघा, रोबस्ट" म्हणतं.

तिसरी ओळ बायस्क्वेअरची. या लॉसमध्ये ओढ आधी वाढते, मग कमी होत होत एका अंतरापलीकडे चक्क शून्य होते. त्याचा उतार येतो १.०९८. आता मिनिटांची सहा वर्षं झाकून उरलेले आकडे नुसत्या डोळ्यांनी बघा. १९५० मध्ये ४.४, १९७३ मध्ये २९. तेवीस वर्षांत साधारण २५ ची वाढ, म्हणजे वर्षाला एकाच्या किंचित वर. बायस्क्वेअर बरोबर आहे. ह्युबरचा उतार जवळजवळ दुप्पट आहे.

म्हणून मला साध्या रेषेपेक्षा ह्युबरची रेषा जास्त धोकादायक वाटते. १९५० साठी ती उणे ०.६ देते, डोळ्यात खुपण्याइतकं ते वाईट नाही. १९७३ साठी मात्र ती ४६ सांगते आणि खरा आकडा २९ आहे. पुढच्या वर्षांचा अंदाज बांधायचा असता तर ही चूक वाढतच गेली असती आणि अहवालात वर "रोबस्ट पद्धत वापरली" असा शिक्काही असता.

रस्सीखेच मोजून बघू

असं का झालं? अंदाज नको, हिशेबच करू. ह्युबरची रेषा अशा जागी थांबते जिथे वरच्या आणि खालच्या सगळ्या ओढींची बेरीज शून्य होते. `rlm` मध्ये टोपी ठरते ती स्केलच्या १.३४५ पट, आणि इथे स्केल आला ९.०३. म्हणजे टोपी १२.१५.

वर ओढणारे कोण? मिनिटांची सहा वर्षं. १९६९ चा रेसिड्युअल १७४ च्या आसपास आहे, पण टोपीमुळे त्याची ओढ १२.१५. बाकीच्या पाचांचीही तेवढीच. सहा गुणिले १२.१५, म्हणजे ७२.९. वचन पाळलं गेलं, पण सहाही जण एकाच बाजूला उभे आहेत.

हे ७२.९ खाली कोण ओढून तोलणार? चांगले बिंदूच. १९७१, ७२ आणि ७३ हे तिघेही रेषेच्या १७ ते १८ ने खाली आहेत. ते अंतर टोपीपेक्षा जास्त, म्हणून त्यांचीही ओढ प्रत्येकी १२.१५ वर कापली जाते. तिघांची मिळून ३६.४५. उरलेलं वजन १९५० ते १९६३ या वर्षांनी मिळून उचललं: त्यांची ओढ एकत्र केली तर खाली साधारण ३९. आणि १९७० वर ओढतो, २.७५ ने. वर ७५.६५, खाली साधारण ७५.४; उतार तीन दशांशांपर्यंत घेतल्यामुळे एवढा फरक राहणारच.

आता यात जे दिसतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७१ ते १९७३ हे पूर्ण खरे आकडे आहेत आणि ह्युबरने त्यांनाच आउटलायर समजून त्यांचं वेट ०.६६ ते ०.७० वर आणलं. १९७० चा भेसळीचा आकडा, ४३, मात्र रेषेच्या इतका जवळ पडला की त्याला पूर्ण वेट १ मिळालं. चोर घरात आणि घरमालक दारात!

बायस्क्वेअरमध्ये हीच वर्षं बघा. १९७० चा रेसिड्युअल १८ च्या वर, वेट शून्य. १९६३ चं वेट निम्म्याच्या आसपास. १९७१ ते १९७३ रेषेपासून दोनच्या आत. कुणीही न सांगता ही पद्धत नोंदवहीतला घोळ कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते दाखवते.

एक बारीक पण वाईट गोष्ट राहिली. ह्युबरमध्ये स्केल ९.०३ आला, बायस्क्वेअरमध्ये १.६५. डेटा तोच, मग स्केल पाचपट कसा? कारण स्केल हा रेसिड्युअलच्या मीडियनवरून काढलेला असतो आणि रेसिड्युअल रेषेवरून. रेषा वर ओढली गेली की चांगल्या बिंदूंचे रेसिड्युअल वाढतात, त्यामुळे स्केल वाढतो, त्यामुळे टोपी उंचावते आणि वाईट बिंदूंना जास्त ओढायची मुभा मिळते. साप आपलीच शेपटी गिळतो तसं.

मग दोष ह्युबर यांचा का?

नाही. १९६४ चा पेपर रिग्रेशनचा नव्हताच, तो एका संख्येच्या, म्हणजे केंद्राच्या, अंदाजाबद्दल होता. त्यात गृहीत असं होतं की बहुतेक डेटा नॉर्मल आहे आणि थोडा भाग कुठल्याही, पण दोन्ही बाजूंना सममित, वितरणातून आलेला आहे. त्या चौकटीत सगळ्यात वाईट परिस्थितीतही व्हेरियन्स शक्य तितका कमी ठेवायचा असेल तर हाच लॉस निघतो, हे त्यांनी सिद्ध केलं. सममित भेसळीत वर ओढणारे आणि खाली ओढणारे एकमेकांना तोलतात, म्हणून टोपी पुरेशी ठरते.

बेल्जियमच्या डेटात भेसळ एक चतुर्थांश आहे आणि सगळी वरच्या बाजूला. ते सिद्धांताचं अपयश नाही, आपण सिद्धांत त्याच्या गावाबाहेर नेला. म्हणून पेपर लिहिताना आधी विचारा: माझे आउटलायर दोन्ही बाजूंना विखुरलेले आहेत की एका बाजूला? सेन्सर अडकला, एकक बदललं, कुणी किलोऐवजी ग्रॅम लिहिले, असल्या चुका बहुतेक वेळा एकाच बाजूला जातात.

δ = 1, पण 1 काय?

दुसरी टीका लायब्ररीच्या डिफॉल्टवर. `torch.nn.HuberLoss` मध्ये `delta=1.0` असतं, केराससच्या ह्युबर लॉसमध्येही तेच. पण δ ला एकक असतं, तुमच्या y चंच. फोनचा डेटा दशलक्षांत असेल तर δ = १ म्हणजे १ दशलक्ष कॉल. तोच डेटा कोटींत लिहिला तर δ = १ म्हणजे १० दशलक्ष. अब्जांत लिहिला तर १९६९ चा आकडा ०.२१२ होतो, एकही रेसिड्युअल १ च्या जवळपास जात नाही, टोपी कुणालाच लागत नाही आणि तुम्हाला मिळते ती जशीच्या तशी वर्ग-लॉसची रेषा. उलट एकेक कॉल मोजला तर δ = १ इतका बारीक ठरतो की लॉस जवळजवळ निरपेक्ष होऊन बसतो.

म्हणजे एकक बदललं की पद्धतच बदलते, कुठलीही वॉर्निंग न येता. कोडमध्ये "Huber" लिहिलेलं असतं, म्हणून रिव्ह्यू करणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. `rlm` चा १.३४५ वेगळा आहे: तो स्केलने भागलेल्या रेसिड्युअलवर लागतो, आणि तो आकडा असा निवडलेला आहे की डेटा खरंच नॉर्मल असेल तर वर्ग-लॉसच्या तुलनेत ९५ टक्के कार्यक्षमता टिकते. सायकिट-लर्नचा `HuberRegressor` सुद्धा स्केल स्वतः काढतो, तिथे `epsilon` डिफॉल्ट 1.35 आहे. तेव्हा एकाच नावाच्या दोन लायब्ररी वेगवेगळी उत्तरं देत असतील तर गोंधळून जाऊ नका, आधी स्केल कोण काढतंय ते बघा.

x मधला आउटलायर

आणखी एक प्रकार, जिथे टोपीचा उपयोगच नाही. आतापर्यंत 'ओढ' म्हणजे फक्त रेसिड्युअलचा भाग धरला. उतारावर होणारा परिणाम मात्र ओढ गुणिले x असा असतो. टोपी ओढीला आहे, x ला नाही. लांबच्या x वरचा बिंदू लांब दांड्याच्या टोकाला धरून रेषा फिरवतो.

याचंही उदाहरण त्याच पुस्तकामुळे प्रसिद्ध आहे: हंस तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या सिग ओबी१ या समूहातले ४७ तारे. x वर पृष्ठभागाच्या तापमानाचा लॉग, y वर प्रकाशाचा. बहुतेक तारे एका चढत्या पट्ट्यात आहेत, जास्त तापलेला तारा जास्त तेजस्वी. चार तारे मात्र बाजूला आहेत: तापमान कमी, तेज भरपूर. हे राक्षसी तारे. वर्ग-लॉसची रेषा या चौघांमुळे उलटी, उतरती होते. ह्युबरचीही उतरतीच राहते. कारण रेषा त्या चौघांजवळून जाते, त्यांचे रेसिड्युअल मोठे राहतच नाहीत, मग टोपी लागणार कशाला? आउटलायर रेसिड्युअलमध्ये दिसतो, हे गृहीतच इथे कोसळतं.

आणि ते चार तारे चुकीची नोंद नाहीत. ते खरेच आहेत, फक्त वेगळ्या जातीचे. त्यांना नुसतं "हाताळलं" म्हणून सोडून दिलं तर खगोलशास्त्रातली खरी बातमीच हातातून जाते.

मी आता काय करते

ह्युबर सोडलेला नाही. त्याचा एक मोठा गुण असा की लॉस कॉन्व्हेक्स आहे, δ ठरलेला असेल तर खोट्या दरीत अडकण्याची भीती नाही. बायस्क्वेअरला तो गुण नाही. तिथे सुरुवात कुठून केली यावर उत्तर अवलंबून राहू शकतं, म्हणून सुरुवातीची रेषाच एखाद्या भक्कम पद्धतीने काढावी लागते. फुकट काही मिळत नाही.

पण आता तीन रेषा शेजारी ठेवते: वर्ग, ह्युबर, बायस्क्वेअर. तिन्ही एकमेकींजवळ असतील तर बहुतेक वेळा निर्धास्त राहते, तरी x मध्ये कुणी एकटं लांब उभं आहे का ते वेगळं बघते. ह्युबर आणि बायस्क्वेअर यांच्यात फोनच्या डेटासारखी फारकत असेल तर उत्तर छापण्याआधी वेटची यादी काढते आणि ती मूळ क्रमाने, म्हणजे वर्षाप्रमाणे, वाचते. हिस्टोग्रामवर भागत नाही, कारण तिथे क्रम हरवतो. फोनच्या डेटात ह्युबरचे रेसिड्युअल १९५० ला अधिक ५ पासून १९६२ ला उणे ८ पर्यंत जवळपास एका ओळीत घसरत जातात. इतकी शिस्तीत घसरण यादृच्छिक चुकांमध्ये नसते. रेषा वाकडी बसल्याची ती खूण आहे, आणि ती बघायला कुठलीही टेस्ट लागत नाही.

अहवालातलं ते वाक्य मी नंतर बदललं. आता तिथे δ किती, कुठल्या एककात, स्केल कसा काढला आणि कुठल्या बिंदूंचं वेट कमी झालं, हे लिहिलेलं आहे. वाक्य एकाचे चार झाले. मॅडमनी यावेळी पेन्सिल एकाच जागी टेकवली, कमी वेटच्या यादीतल्या तिसऱ्या बिंदूवर, आणि विचारलं, "हा का?" ते शोधायला मला आठवडा लागला. नोंद करणाऱ्याने त्या दिवशी एकक बदललं होतं.